वीसपैकी बारा

शिक्षकांच्या खोलीत एक मत पक्कं बसलेलं आहे. विद्यार्थ्याला अभिप्रायाचं पत्र द्यायचं तर निकषतक्ता समोर घ्यावा, प्रत्येक निकषाच्या गुणांना एकेक वाक्य जोडावं, सुरुवातीला कौतुक आणि शेवटी शुभेच्छा घालाव्यात, की पत्र झालं. या मताची बाजू लंगडी नाही. असं पत्र कुणालाच डावं-उजवं करत नाही, त्यात एकही निकष सुटत नाही आणि पालक भांडायला आले तर प्रत्येक वाक्यामागे आकडा दाखवता येतो. शिवाय साठ मुलांच्या वर्गाला यापेक्षा जास्त देणं शक्य तरी आहे का, हा प्रश्न खराच आहे.

तरीही हे मत मला चूक वाटतं. गुणांचं शब्दांत केलेलं भाषांतर म्हणजे अभिप्राय नव्हे. तक्त्यात ‘शुद्धलेखन 2’ लिहिलेलं मुलीने वाचलेलंच असतं. ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ या वाक्यातून तिला तेच दुसऱ्यांदा कळतं. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली. ही जागा मुलाच्या वहीकडे पाहून भरायची होती. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या आणि मग मोबाइलवर याद्या फिरू लागल्या. ‘वाचनाची आवड आहे’ हे वाक्य एकाच वर्गातल्या वीस मुलांच्या पत्रकावर दिसतं, ते असं.

दिग्रस तालुक्यातल्या एखाद्या शाळेतलं उदाहरण घेऊ. मुलं माझ्या कल्पनेतली आहेत, पण अशा उत्तरपत्रिका कुठल्याही शिक्षकाने पाहिलेल्या असतील. आठवीला ‘माझ्या आईचा एक दिवस’ हा निबंध दिला आहे. आशय, मांडणी, भाषा आणि शुद्धलेखन असे चार निकष, प्रत्येकी पाच गुण. एका मुलीला अनुक्रमे 5, 2, 3, 2 मिळाले आणि तिच्या शेजारच्या मुलाला 2, 3, 2, 5. दोघांची बेरीज 12, म्हणजे साठ टक्के, श्रेणी क-1. मुलाच्या निबंधात चूक शोधून सापडत नाही, पण त्याची आई कुणाचीही आई असू शकते. मुलीने मात्र कापूस वेचायला जाणारी आई लिहिली आहे: ओटीत साठत जाणारा कापूस, संध्याकाळचा काटा, वजनावरून झालेली कुरबुर. या दोघांना देण्याजोगं सामाईक वाक्य एकच, ‘अजून प्रयत्न हवेत’, आणि ते दोघांच्याही उपयोगाचं नाही.

बेरजेपेक्षा चार आकड्यांची रांग जास्त सांगते, इथवर बहुतेक जण मान्य करतील. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. रांगसुद्धा फक्त कुठे पाहायचं ते सांगते, काय घडलं ते सांगत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिकेकडे परत जावं लागतं.

मुलीच्या ‘शुद्धलेखन 2’ मागे तपासणाऱ्याने चौदा जागी लाल रेघ मारली आहे. त्या चौदा जागा एका कागदावर उतरवून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. ‘मजूरांना’, ‘जमीनीत’, ‘बहीणीने’, ‘फूलांचा’ अशा नऊ जागी एकच चूक दिसते. ‘मजूर’, ‘जमीन’ हे मूळ शब्द तिने बरोबर लिहिले आहेत, पण प्रत्यय लागताना उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होतं हे तिला ठाऊक नाही. तीन जागी किरकोळ घसरण आहे. उरलेल्या दोन जागा ‘मले’ आणि ‘तुले’ या शब्दांच्या, आणि ते आईच्या तोंडचं वाक्य आहे. अवतरणात वऱ्हाडी आई वऱ्हाडीच बोलणार. म्हणजे त्या दोन रेघा तपासणाऱ्याच्या चुका आहेत. पत्र लिहायला बसल्यावर गुण देणाराही तपासला जातो, हा फायदा पूर्वपक्षाच्या हिशेबात कुठेच नाही. तीन आणि दोन गुणांमधलं अंतर किती ठिसूळ आहे हे पाहायचं असेल तर तपासून झालेल्या पाच उत्तरपत्रिका आठवड्याने जुने गुण झाकून पुन्हा तपासाव्यात. त्यानंतर एका गुणाच्या फरकावर कुणी पत्र उभं करणार नाही.

आता पत्र लिहिता येतं:

‘संध्याकाळी काट्यापाशी आई गप्प राहिली, हे तू लिहिलंस तिथे मी थांबलो. पण तो प्रसंग दुसऱ्या पानाच्या मध्यात, स्वयंपाक आणि अभ्यासाच्या गर्दीत दडला आहे. सगळा निबंध एकाच परिच्छेदात आहे. शनिवारपर्यंत एवढंच कर: काट्याच्या प्रसंगाला वेगळा परिच्छेद दे आणि निबंध तिथे संपव. दुसरं, तुझ्या नऊ चुका म्हणजे खरं तर एकच चूक आहे. मजूर पण मजुरांना, जमीन पण जमिनीत. तुझ्या निबंधातले असे नऊ शब्द शोधून जोड्या लिहून आण. आईचं “मले” माझ्याकडून चुकून खोडलं गेलं, ते तसंच राहू दे.’

या पत्रात ‘भाषा 3’चा उल्लेख नाही. इथे पूर्वपक्ष आक्षेप घेईल की निकष सुटला. सुटू द्यावा. तक्ता मुलीला मिळणारच आहे, पत्राने त्याची नक्कल करायची गरज नाही. शुभेच्छाही नाहीत, आणि कौतुक आहे ते मुलीचं नसून एका वाक्याचं आहे. 1996 मध्ये क्लुगर आणि डीनिसी यांनी अभिप्रायावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की अभिप्राय लंगडतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य मला पत्रात नको वाटतं ते यासाठी.

रूथ बटलर यांचा 1988 चा प्रयोग आपल्याला आणखी अडचणीत टाकतो. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढे सरकली. शेरे आणि श्रेणी दोन्ही मिळालेल्यांचं वागणं बरंचसं फक्त श्रेणी मिळालेल्यांसारखं राहिलं. आपल्याकडे गुण लपवता येणार नाहीत, ते प्रगतिपत्रकावर जाणारच. पण दोन दिवस उशिरा सांगता येतात. आधी पत्र आणि उत्तरपत्रिका द्यावी, दुरुस्त परिच्छेद परत आला की गुण सांगावेत.

वेळेचा आक्षेप मात्र मी उडवून लावत नाही. एका पत्राला दहा मिनिटं धरली तरी साठ मुलांचे दहा तास होतात. म्हणून दर चाचणीला सगळ्यांना पत्र हा हट्टच सोडावा. एका चाचणीला पंधरा जणांना लिहिलं तर चार चाचण्यांत वर्ग पूर्ण होतो. उपान्त्य अक्षराची चूक वीस जणांची निघाली तर ती फळ्यावर शिकवावी, पत्रात नको. पत्र राखून ठेवावं ते काट्यापाशी गप्प उभ्या आईसाठी, कारण ती गोष्ट फळ्यावर सांगता येत नाही.

पुढच्या चाचणीत या मुलीचं शुद्धलेखन पुन्हा 2 वरच राहिलं असं समजा. तयार वाक्यांची यादी म्हणेल, प्रगती नाही. रेघा उतरवून पाहिल्या तर दिसेल की ‘मजुरांना’, ‘बहिणीने’ बरोबर आहे आणि चुका आहेत त्या ‘शरिराला’, ‘जिवाला’ या शब्दांत. तिने नियम उचलला आणि तत्सम शब्दांनाही लावून टाकला. गुण तेच राहिले, पण दुसरं पत्र इथून सुरू होतं: ‘शरीर, जीव, गीत हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत, त्यांची दीर्घ वेलांटी प्रत्यय लागला तरी हलत नाही.’