अर्धापूरची केळी लातूरला : एक्सेलमध्ये 'घट' कुठे मांडायची?

माझ्या मावसभावाला अर्धापूरहून कच्ची केळी आणून लातूरला पिकवून विकायची आहेत. त्याने एक्सेल शीट पाठवली. त्यात नुकसानीची एकच ओळ होती: घट १० टक्के. चूक तिथेच होती.

घट एकदाच होत नाही. वाहतुकीत फण्या घासून काही माल जातो. रायपनिंग चेंबरमध्ये पाणी उडून वजन कमी होतं, काही फळं बिघडतात. उरलेल्यातला काही माल विक्रीत डागाळतो. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातून उरलेल्या मालावर लागतो, म्हणून गुणाकार करायचा. समजा १ टन माल १५ रुपये किलोने घेतला, भाडं आणि पिकवणी मिळून किलोला ५ रुपये, आणि तीन टप्प्यांची घट ४, ५ आणि ८ टक्के (आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत):

```
=(15000+5000)/(1000*0.96*0.95*0.92)
```

उत्तर येतं २३.८४. म्हणजे विकायला ८३९ किलोच उरले. भाव २४ रुपये मिळाला तर त्याच्या शीटमध्ये नफा १,६०० रुपये दिसतो, प्रत्यक्षात जेमतेम १३७.

मग घट कमी कुठे करायची? भाऊ म्हणाला, "दादा, एसी जास्त ठेवू." पण केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल करपट, राखाडी होते आणि पिवळेपणा नीट येत नाही. उलट बाजूही आहे. इथिलीन वायू दिल्यावर फळ स्वतःच उष्णता सोडतं. अशा वेळी लाईट गेली तर बंद चेंबर लवकर तापतं. आपल्याकडची जी-९ जात साधारण २४ अंशांच्या वर पिकली तर आतून मऊ होते, साल मात्र हिरवीच राहते. गिऱ्हाईक ती कच्ची समजून सोडून जातं.

म्हणून पिकवताना १६ ते १८ अंश ठेवायचे, आणि ते हवेचे नाही, गराचे. भिंतीवरचा डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो. क्रेटच्या थप्पीच्या मधोमध एका केळीत टोकदार प्रोब खुपसून बघा. डिस्प्ले १७ आणि गर २१ असेल, तर थप्पीतून हवा फिरत नाही. क्रेटमध्ये फट ठेवून लावा. दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा छोटा डेटा लॉगर ठेवला, तर रात्री लाईट कधी गेली तेही कळतं. (मला हाच भाग आवडला, पण भावाला तो खर्च वाटला.)

आता जनरेटर घ्यायचा की नाही? वरच्या सूत्रात चेंबरची घट ५ ऐवजी ३ टक्के टाका, म्हणजे 0.95 च्या जागी 0.97. विकायला ८५७ किलो मिळतात आणि नफा सुमारे ५६१ रुपये होतो. फरक टनामागे ४२४ रुपयांच्या आसपास. डिझेल आणि जनरेटरचा हप्ता मिळून टनाला त्याहून कमी बसत असेल तरच घ्यावा, आणि ते महिन्याला किती टन माल फिरतो यावर ठरेल. भावाच्या शीटमध्ये तो रकाना अजून रिकामाच आहे.