दगडाचं काम आणि पाण्याचं काम
फेनतरणाच्या अभ्यासासाठी प्रस्तावना

दहावीच्या विज्ञानात फेनतरण भेटतं ते दोन-चार ओळींत. सल्फाइडचे कण तेलाने भिजतात, मातीचे कण पाण्याने भिजतात, आणि मिश्रण हवेने घुसळलं की धातूचे कण फेसाबरोबर वर येतात, एवढं बहुतेकांच्या लक्षात राहतं. यात चूक काही नाही, पण हे चित्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे. त्यात ‘तेल’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं लपली आहेत. एक काम दगडाच्या पृष्ठभागावर होतं, दुसरं पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे. आज ही कामं दोन वेगळी रसायनं करतात. पहिल्याला कलेक्टर म्हणतात, दुसऱ्याला फ्रॉदर. (आपल्याकडे कलेक्टर म्हटलं की जिल्हाधिकारी डोळ्यांसमोर येतो, म्हणून काही जण ‘संग्राहक’ लिहितात. प्लांटमध्ये मात्र कोणी तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही.) या विषयातला नवशिक्यांचा निम्मा गोंधळ ही दोन कामं वेगळी न केल्यामुळे होतो, म्हणून या प्रस्तावनेत तेवढंच सांगतो.

उदाहरण जवळचं घेऊ. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथलं मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोह आणि गंधक यांचं पितळी रंगाचं संयुग, आणि ते मुख्यतः क्वार्ट्झच्या सोबतीने येतं. धातुकात तांबं शेकडा एक धरलं, तर एक टन दगडात दहा किलो. उरलेले नऊशे नव्वद किलो वितळवायला भट्टीत घालणं परवडणारं नाही. म्हणून दगड आधी पिठासारखा दळायचा, इतका की चाल्कोपायराइटचा कण क्वार्ट्झपासून मोकळा झाला पाहिजे. मग ते पीठ पाण्यात कालवून पितळी कण वेगळे काढायचे.

आता चाल्कोपायराइट पाण्याच्या चौपटीहून जड, क्वार्ट्झ अडीचपटीहून थोडा जास्त. सुपात पाखडताना जड दाणा मागे राहतो, त्या न्यायाने चाल्कोपायराइट तळाशी राहायला हवा. फेनतरणात उलटं होतं: जड कण वर जातो आणि हलका खाली राहतो. कारण इथे वजनाला फारसं महत्त्वच नाही. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सुमारे अर्धा मिलिग्रॅम भार उचलू शकतो. एक दशांश मिलिमीटरचा चाल्कोपायराइटचा कण पाण्यात त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढाच भरतो. बुडबुड्याला ताकद कमी पडत नाही. प्रश्न असतो तो कण बुडबुड्याला चिकटेल का, एवढाच.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही, कारण पानाला पाण्याशी सलगी नको असते. असा पृष्ठभाग पाण्यात बुडाला आणि त्याला बुडबुडा भिडला, की दोघांमधला पाण्याचा पातळ पापुद्रा फाटतो आणि हवा तिथे चिकटून बसते. क्वार्ट्झचं पाण्याशी घट्ट जमतं, त्याच्या अंगावरचा पापुद्रा फाटत नाही, बुडबुडा आपटतो आणि निसटतो. ग्रॅफाइट किंवा शंखजिरं जन्मतःच अळूच्या पानासारखं असतं. चाल्कोपायराइटच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर भागत नाही, त्याला अळूचं पान बनवावं लागतं. ते काम कलेक्टरचं.

सल्फाइडसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कलेक्टर म्हणजे झँथेट. ग्रीकमध्ये ‘झँथोस’ म्हणजे पिवळा, आणि तांब्याच्या क्षारात झँथेट घातलं की पिवळा साका बसतो, त्यावरून हे नाव पडलं. त्याच्या रेणूच्या एका टोकाला गंधकाचे दोन अणू असतात, ते धातूच्या सल्फाइडला धरतात. दुसऱ्या टोकाला दोन ते पाच कार्बनची छोटी शेपटी असते, ती पाण्याच्या बाजूला राहते, आणि पाण्याला ती नको असते. क्वार्ट्झवर धरायला गंधकाला काही सापडत नाही, त्यामुळे तो ओलाच राहतो. या सगळ्यात पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा हात असतो. तो नसेल तर झँथेट पृष्ठभागावर नीट बसत नाही. झँथेटचा एक दोषही सांगितला पाहिजे. लोहाचं सल्फाइड, म्हणजे पायराइट, त्याला परकं वाटत नाही, तेही तो वर आणतो. म्हणून चुन्याने पाण्याचा पीएच साडेदहा-अकरापर्यंत चढवतात. तिथे पायराइटच्या अंगावर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा थर धरतो आणि ते खाली राहतं.

एवढं झालं तरी फेस नाही. नुसत्या पाण्यात हवा सोडा, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येतात आणि फुटतात. वर आलेला कण पुन्हा बुडतो. इथे फ्रॉदर लागतो. पाइन तेल, मिथाइल आयसोब्युटाइल कार्बिनॉल, ग्लायकॉल ईथर, अशी ही मंडळी. यांच्याही रेणूला डोकं आणि शेपटी असते आणि तिथेच विद्यार्थी फसतात. पण फ्रॉदरचं डोकं धातू धरत नाही, पाणी धरतं. शेपटी हवेत, डोकं पाण्यात, असा तो बुडबुड्याच्या कातडीत बसतो आणि शेजारच्या बुडबुड्यात विलीन होण्यापासून त्याला रोखतो. याचा पहिला फायदा फेसाच्याही आधी पाण्यात मिळतो. एक लिटर हवा तीन मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर त्यांचा एकूण पृष्ठभाग दोन चौरस मीटर होतो. तीच हवा एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर सहा. कणाला चिकटायला तिप्पट जागा मिळाली. दुसरा फायदा वरचा: फेस टाकीच्या काठावरून वाहून जाईपर्यंत टिकला पाहिजे आणि पन्हाळीत पडल्यावर मोडला पाहिजे. साबणासारखा तासभर टिकणारा फेस इथे नको असतो. तो पंपात चढतो, निवळणीच्या टाकीवर पसरतो आणि कमावलेलं तांबं जमिनीवर सांडतं.

ही दोन कामं वेगळी आहेत हे कळायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला शिसं काढून उरलेल्या जस्ताळ गाळाचे डोंगर पडले होते. त्यासाठी तेलाच्या अनेक पद्धती चालवून पाहिल्या गेल्या. आधी तेल इतकं घालत की कण तेलातच अडकत. 1905 मध्ये मिनरल्स सेपरेशन या कंपनीच्या लोकांना आढळलं की तेल कमी करत नेलं, दगडाच्या वजनाच्या शेकडा एकाच्याही खाली, आणि जोरात घुसळलं, तर तेलाऐवजी हवाच माल उचलते. या किंचित तेलाच्या पेटंटवरून अमेरिकेत खटले झाले, 1916 मध्ये प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण तरीही तेल एकच होतं आणि दोन्ही कामं तेच करत होतं. फेस कमी करायला गेलं की चिकटणं कमी व्हायचं, चिकटणं वाढवायला गेलं की फेस अनावर व्हायचा. 1925 मध्ये कॉर्नेलियस केलरच्या झँथेटच्या पेटंटनंतर फेस जवळजवळ न करणारा कलेक्टर हाती आला आणि दोन कळा स्वतंत्र झाल्या. माझ्या मते आधुनिक फेनतरण तिथून मोजावं.

आता प्रयोगशाळेच्या टेबलावर या. दळलेलं धातुक एक किलो, पाणी सव्वादोन लिटरच्या थोडं वर, तीन लिटरची टाकी, तळाशी फिरणारा पंखा. चुना घालून पीएच साडेदहा. झँथेटचं शेकडा एक द्रावण चार मिलिलिटर, म्हणजे 40 मिलिग्रॅम, टनाच्या हिशोबात 40 ग्रॅम. हवेची कळ बंद ठेवून दोन मिनिटं फिरू द्यायचं. मग फ्रॉदरचा एक थेंब, साधारण 20 मिलिग्रॅम, आणि हवा सुरू. पहिल्या मिनिटात फेस हिरवट सोनेरी, जड, दाट येतो. सहाव्या-सातव्या मिनिटाला तो पांढरा पडतो, बुडबुड्यांतून आरपार दिसतं. आठ मिनिटं खरवडून गोळा केलेला माल वाळवून 101 ग्रॅम भरला आणि त्यात तांबं शेकडा 9 निघालं, असं धरा. म्हणजे 9.1 ग्रॅम तांबं हाती. मूळ किलोत होतं 10 ग्रॅम. शेकडा 91 मिळालं. हा पहिलाच माल, पुढे पुन्हा दळून, पुन्हा तरंगवून तो वीस-पंचवीसपर्यंत नेतात. चाल्कोपायराइट अगदी शुद्ध असलं तरी त्यात तांबं शेकडा साडेचौतीसच असतं, तेव्हा त्यापुढची आशा नको.

उरलेले नऊ टक्के मिळवावेत म्हणून एखादा उत्साही विद्यार्थी फ्रॉदर दुप्पट करतो. फेस उभा राहतो, माल 190 ग्रॅम येतो, चेहरा फुलतो. मग तपासणीत तांबं शेकडा 4.8 निघतं. गुणाकार करा: पुन्हा 9.1 ग्रॅमच. वाढलं ते फक्त पीठ. भिंगाखाली पाहिलं तर बारीक, पांढरे, मोकळे कण दिसतात. ते बुडबुड्याला चिकटून आलेले नसतात, बुडबुड्यांमधल्या पाण्याबरोबर वाहत आलेले असतात. फेसाने पाणी जास्त आणलं की हे फुकटे प्रवासीही जास्त येतात. त्यावर उपाय फ्रॉदर कमी करणं, किंवा फेसाचा थर जाड ठेवून पाणी खाली निथळू देणं. कलेक्टरला हात लावायचं कारण नाही.

उलटा प्रकार माझ्याच हातून झाला आहे. मे महिन्यात एके दिवशी टाकीत बुडबुडे भरपूर, फेस नीट, पण पहिल्या मिनिटापासून पांढराशुभ्र. मी फ्रॉदर बदलून पाहिला, हवा बदलली, दुपार गेली. फेस आहे पण माल नाही, म्हणजे पाण्याचं काम होतंय आणि दगडाचं होत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. संध्याकाळी झँथेटची बाटली उघडली तर द्रावण गढूळ, आणि कार्बन डायसल्फाइडचा तो कुजकट वास. द्रावण आठवड्याचं जुनं होतं आणि बाटली उन्हाच्या खिडकीत. झँथेट उष्णतेने आणि आम्लाने मोडतं. ताजं करून घातलं, सोनेरी फेस परत आला. त्यानंतर बाटलीवर तारीख लिहिल्याशिवाय मी ती कपाटात ठेवत नाही.

प्रत्येक पांढऱ्या फेसाचा दोष मात्र बाटलीवर ढकलता येत नाही. खाणीच्या वरच्या थरांत पावसापाण्याने चाल्कोपायराइटचं मॅलाकाइट झालेलं असतं: सुंदर हिरवा दगड, त्यात तांबं टक्केवारीने चाल्कोपायराइटपेक्षाही जास्त. पण ते कार्बोनेट. झँथेट त्यावर नीट टिकत नाही, आणि तपासणीत ‘तांबं शेकडा एक’ आलं तरी टाकीतून निम्मंच हाती लागतं. अशा वेळी नमुना सौम्य आम्लात ठेवून किती तांबं विरघळतं ते आधी मोजावं. मॅलाकाइट विरघळतं, चाल्कोपायराइट जवळपास तसंच राहतं. विरघळणारा हिस्सा मोठा निघाला तर सोडियम सल्फाइड घालून त्या हिरव्या कणांवर सल्फाइडचा पातळ थर चढवावा लागतो, आणि तोही बेताने, कारण जास्त झालेलं सोडियम सल्फाइड चाल्कोपायराइटवरचं झँथेट उतरवतं. तिसऱ्या प्रकरणातला पहिला प्रयोग अशाच हिरव्या नमुन्यावर आहे.