नवे औषध किंवा नवा पदार्थ घेतल्यावर अंगावर पुरळ उठले, तर तातडीने दवाखान्यात कधी जावे?

अंगावर अचानक खाजरे, लालसर, फुगीर चट्टे उठले की आपल्याकडे बहुतेक घरांत ‘पित्त उठले’ असे म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. वैद्यकीय भाषेत या चट्ट्यांना अर्टिकेरिया म्हणतात. अनेकदा ते काही तासांत आपोआप मावळतात. मात्र नवी गोळी, इंजेक्शन किंवा नवा पदार्थ पोटात गेल्यानंतर उठलेले असेच चट्टे जीवघेण्या ॲलर्जीची पहिली खूणही असू शकतात. त्वचेकडे पाहून हा फरक कळत नाही. तो कळतो दोन गोष्टींवरून: चट्टे किती वेळाने उठले आणि त्वचेखेरीज शरीरात आणखी काय बिघडले.

वेळ काय सांगते?

तीव्र ॲलर्जी सहसा लवकर दिसते. इंजेक्शननंतर ती काही मिनिटांत, तर गोळी किंवा अन्नानंतर बहुधा दोन तासांच्या आत सुरू होते. शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, कोळंबी हे पदार्थ आणि पेनिसिलीन गटातली प्रतिजैविके व वेदनाशामक गोळ्या ही तिची नेहमीची कारणे आहेत. औषध पूर्वी एकदा सोसले होते, म्हणून यंदाही सोसेल असे नाही. पहिल्या वेळी शरीर त्या औषधाची फक्त ‘ओळख’ करून ठेवते आणि प्रतिक्रिया पुढच्या वेळी येते.

त्वचेखेरीज काय पाहावे?

फक्त चट्टे आणि खाज असेल, श्वास मोकळा असेल व माणूस नीट बोलत असेल, तर ते औषध किंवा पदार्थ थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिले काही तास रुग्णाला एकटे सोडू नये.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर ती आणीबाणी समजावी:

- जीभ किंवा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, गिळता न येणे
- दम लागणे, छातीत घरघर
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे
- चट्ट्यांसोबत वारंवार उलट्या किंवा पोटात तीव्र कळा

याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. काही रुग्णांत पुरळ उठतच नाही, त्यामुळे ‘अंगावर काही नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये.

एक उदाहरण

समजा, आर्णी तालुक्यातल्या एका गावात कोणी रात्री आठ वाजता अमॉक्सिसिलीनची कॅप्सूल घेतली. सव्वाआठला तळहात खाजू लागले, साडेआठपर्यंत पोटावर चट्टे उठले. इथवर प्रश्न त्वचेचा होता. पावणेनऊला दोन उलट्या झाल्या आणि आवाज बसला. आता वाट पाहायची नाही.

लगेच 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत असते. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. अशा वेळी एकदम उठल्याने रक्तदाब आणखी कोसळू शकतो. म्हणून मोटारसायकलवर मधे बसवून नेणे हा शेवटचा पर्याय आहे.

थेट यवतमाळ गाठण्याची घाईही चुकीची ठरू शकते. आर्णीहून यवतमाळ सुमारे 40 किलोमीटर आहे. लागणारे मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनालिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिले जाते. प्रौढाला सहसा अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनानुसार. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. आधी ते जिथे लवकर मिळेल अशा जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचावे, पुढे हलवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

सेट्रिझिनची गोळी खाज कमी करते, पण घशाची सूज किंवा घसरलेला रक्तदाब सावरत नाही. ‘गोळी दिली आहे, बघू’ म्हणत थांबण्यात मोलाचा वेळ जातो. इंजेक्शनने बरे वाटले तरी लगेच घरी जाऊ नये, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

चार-आठ दिवसांनी उठलेले पुरळ

औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी अंगभर सपाट लाल ठिपके येणे ही वेगळी, उशिराची प्रतिक्रिया असते. ती बहुधा सौम्य असते, तरी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मात्र तापासोबत तोंडात फोड, डोळे लाल, त्वचेची आग किंवा साल निघणे दिसले, तर ते औषध थांबवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. सल्फा, फिट्सची काही औषधे आणि युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल यांच्याबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

दवाखान्यात जाताना

औषधाची पट्टी किंवा पदार्थाचे पाकीट सोबत न्यावे आणि ते घेतल्याची वेळ सांगावी. ॲलर्जी ठरली, तर औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तेच औषध दुकानात वेगळ्या कंपनीच्या नावाने मिळते. मूळ नाव लिहिलेला हा कागद पुढे प्रत्येक डॉक्टरला आणि औषध दुकानदाराला दाखवावा.