पोस्टरवरचे शब्द आणि वाटसरूचा एक मिनिट

वैज्ञानिक परिषदेत पोस्टरांच्या दालनातून फेरफटका मारला, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. शेकडो पोस्टर्स ओळीने लावलेली असतात, प्रत्येकाशेजारी ते तयार करणारा संशोधक उभा असतो आणि लोक मात्र चालतच असतात. एखाद्या पोस्टरपुढे पाय थबकतात ते जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात मुख्य निष्कर्ष कळला तर बोलणे सुरू होते, नाहीतर वाटसरू पुढे जातो. असे असताना पोस्टरवर इतका मजकूर का असतो? याचे उत्तर पोस्टरच्या इतिहासात आहे.

पूर्वी परिषदेत संशोधन सांगायचे म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे भाषण करायचे. संशोधकांची संख्या वाढत गेली तशी एकाच वेळी अनेक दालनांत भाषणे ठेवावी लागली, आणि ऐकणाऱ्याला हव्या त्या दोन भाषणांपैकी एक सोडावे लागू लागले. यावर तोडगा म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या परिषदांत पोस्टर आले. अमेरिकेत १९७४ साली मिनिआपोलिस येथे भरलेल्या जीवरसायन व जीवभौतिकी परिषदेपासून त्याचा प्रसार झाला. तेव्हाचे पोस्टर म्हणजे टंकलिखित कागद आणि आलेखांची छायाचित्रे टाचण्यांनी फळ्यावर लावलेली असत. कल्पना अशी, की आलेख समोर ठेवून दोघांनी उभ्या उभ्या चर्चा करावी.

पुढे संगणक आणि मोठे छपाईयंत्र आले. सुमारे ८४ सेंटिमीटर रुंद व ११९ सेंटिमीटर उंच असा एकच कागद छापता येऊ लागला, आणि संगणकातला शोधनिबंध उचलून त्यावर ठेवणे अगदी सोपे झाले. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष या क्रमाने पोस्टर भरू लागले. निबंधात हा क्रम योग्यच आहे, कारण निबंध वाचणारा बसून वाचतो. पोस्टरवर मात्र त्यामुळे निष्कर्ष सर्वांत शेवटी, उजव्या कोपऱ्यात खाली जाऊन पडतो. बसून शांतपणे वाचतानाही माणूस मिनिटाला साधारण दोनशे ते अडीचशे शब्द वाचतो. म्हणजे आठशे शब्दांच्या पोस्टरला तीन-चार मिनिटे हवीत, आणि तीही गर्दीत उभे राहून.

२०१९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणाऱ्या माइक मॉरिसन या विद्यार्थ्याने या मांडणीविरुद्ध एक चित्रफीत प्रसिद्ध केली. त्याने सुचवलेल्या पोस्टरच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत, निष्कर्षाचे एकच वाक्य असते. डाव्या पट्टीत अभ्यासाचा थोडक्यात गोषवारा आणि उजव्या पट्टीत बोलताना दाखवायचे आलेख असतात. सविस्तर निबंध हवा असणाऱ्यासाठी फोनने टिपता येणारे एक चौकोनी चिन्ह असते. ही चित्रफीत जगभर पाहिली गेली. पण मांडणी बदलली म्हणून काम संपत नाही. ते एक वाक्य कोणते, आणि त्यातले कोणते शब्द काढायचे, हा खरा प्रश्न उरतोच.

तो सोडवण्यासाठी आपण एक जुने संशोधन घेऊ आणि त्याचे पोस्टर करून पाहू. व्हिएन्नाच्या सर्वसाधारण रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने फार स्त्रिया दगावत. तिथल्या डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आले, की पहिल्या विभागातले लोक शवविच्छेदन करून थेट प्रसूतीकडे येतात. मे १८४७ मध्ये त्याने ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० प्रसूतींमागे ४५९ मृत्यू झाले होते. १८४८ साली ३५५६ प्रसूतींमागे ४५ झाले.

नेहमीच्या सवयीने पोस्टरचा मथळा असा होईल: ‘व्हिएन्ना येथील रुग्णालयाच्या प्रसूती विभागांतील बाळंतज्वराच्या प्रमाणाचा व त्यावरील हस्तशुद्धीच्या परिणामाचा अभ्यास’. यातून विषय कळतो, पण काय सापडले ते कळत नाही. म्हणून पहिली काट अशी, की विषयाच्या जागी निष्कर्ष ठेवायचा: ‘डॉक्टरांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला सुरुवात केल्यावर बाळंतिणींचे मृत्यू शंभरात ११ वरून १ वर आले.’ सोळा शब्द झाले. टक्केवारी नेमकी ११.४ आणि १.३ आहे, पण चालत्या वाचकाला मथळ्यात दशांश नको.

आणखी कापता येईल का? ‘हात धुतल्याने मृत्यू टळतात’ हे चारच शब्दांचे वाक्य आकर्षक आहे. पण ते चुकीचे आहे. हे डॉक्टर साबणाने हात आधीही धूत असत, तरी प्रेतांचा वास हाताला राहत असे. ब्लीचिंग पावडर हाच तर शोध होता, आणि नेमका तोच शब्द कापला गेला. आकडाही गेला, त्यामुळे परिणाम केवढा मोठा हे कळत नाही. यावरून कापण्याची मर्यादा ठरवता येते. कोणी, काय वेगळे केले, कशात बदल झाला आणि किती, या चार गोष्टी उरल्या पाहिजेत. त्यांपैकी एखादी गेली, की वाक्य सुटसुटीत होते पण दावा बदलतो.

मथळ्याखाली काय ठेवायचे? आमच्या मते चार आकड्यांचा एक तक्ता. पहिल्या विभागात मृत्यू शंभरात ११.४ वरून १.३ झाले, आणि त्याच दोन वर्षांत सुइणींच्या विभागात २.८ वरून १.३. दुसरी ओळ कापण्याचा मोह होईल, कारण ती कमी नाट्यमय आहे. पण चिकित्सक वाचक लगेच विचारतो, ‘ती दोन वर्षेच चांगली असतील तर?’ त्याला उत्तर तीच ओळ देते. मृत्यू दुसरीकडेही थोडे कमी झाले, पण दोन विभागांतली मोठी तफावत मात्र पुसली गेली. तुलना ही निष्कर्षाचा भाग आहे, सजावट नव्हे.

मग कापायचे काय? दूषित हवेविषयीच्या त्या काळच्या कल्पना, दरवर्षीचे आकडे, रुग्णालयाचा इतिहास. सेमेलवाइसचा सहकारी कोलेश्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन तशाच आजाराने वारला आणि त्यातून कल्पना सुचली, ही हकिगतही कापायची. ती मोलाची आहे, पण पोस्टरशेजारी उभा असलेला माणूस ती तोंडाने सांगू शकतो. स्वतः सेमेलवाइसने आपले म्हणणे सविस्तर मांडले ते १८६१ मध्ये, पाचशेहून अधिक पानांच्या ग्रंथात. त्याला झालेल्या विरोधाची कारणे अनेक होती, पण निष्कर्ष शोधायला लावणाऱ्या लेखनाने त्याचे काम सोपे झाले नाही.

पोस्टर जमले की नाही, हे ताडण्याची रीत सोपी आहे. विषयाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला पोस्टरसमोर उभे करा, घड्याळ लावा आणि मिनिटाने पोस्टर झाका. ‘काय सापडले?’ असे विचारा. ‘हात धुण्याविषयी काहीतरी होते’ असे उत्तर आले, तर मथळा अजून विषयच सांगतो आहे. ‘हात धुवा म्हणजे कोणी मरत नाही’ असे आले, तर आपण गरजेपेक्षा जास्त कापले आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यालाही हीच कसोटी लावता येईल. तिथे परीक्षक म्हणून दुसऱ्या वर्गातला विद्यार्थी पुरेसा आहे.