फिल्ड टेस्टच्या कागदावर काळं दिसलं म्हणजे काचबिंदूच असतो का?

कासारवाडीत राहणारा आणि चाकणच्या कंपनीत रात्रपाळी करणारा ४७ वर्षांचा एक कामगार आहे, असं समजा. तपासणी शिबिरात डोळ्यांचं प्रेशर २३ निघालं. कुणीतरी काचबिंदूची शंका काढली आणि फिल्ड टेस्ट करायला सांगितली. सकाळी कंपनीची बस नाशिक फाट्याला उतरली, घरी जाऊन झोपायच्या आधी काम उरकावं म्हणून भाऊ थेट टेस्टला गेला. अर्ध्या तासाने हातात दोन कागद आले. उजव्या डोळ्याचं चित्र बरंचसं स्वच्छ, डाव्या डोळ्याच्या चित्रात मात्र वरचा सगळा भाग काळा.

घरात रडारड व्हायला एवढं पुरेसं आहे. पण घाबरायचं ते नेमकं कोणत्या डोळ्यासाठी, हे त्या काळ्या चित्रावरून कळत नाही.

आधी ही टेस्ट नक्की करते काय ते बघा. एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाडग्यासारख्या पडद्याच्या मधोमध नजर रोखायची आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपका ०.२ सेकंदच दिसतो. 24-2 या नेहमीच्या टेस्टमध्ये ५४ जागा तपासल्या जातात आणि प्रत्येक जागी ठिपका कमी-जास्त तेजाचा करून तिथे किती मंद प्रकाश दिसतो ते मशीन शोधतं. मुद्दाम इतके मंद ठिपके येतात की निरोगी माणसालाही बरेच दिसत नाहीत. पेशंटला वाटतं आपण नापास होतोय.

थोडक्यात, हा डोळ्याचा फोटो नाही, ही माणसाने दिलेली उत्तरं आहेत. आणि माणूस दमतो.

म्हणून कागद वाचताना चित्राआधी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन ओळी वाचायच्या. पहिली `Fixation Losses`. प्रत्येक डोळ्यात जिथून नस बाहेर पडते तिथे नैसर्गिक अंधबिंदू असतो. मशीन अधूनमधून बरोबर त्या जागी ठिपका टाकतं. तोही दिसला, तर नजर मध्यावरून हलली असा अर्थ निघतो. हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की पुढे `XX` छापून येतं. मात्र इथे एक गोची आहे. सुरुवातीलाच अंधबिंदूची जागा चुकीची धरली गेली किंवा मध्येच डोकं थोडं सरकलं, तर नजर स्थिर ठेवणाऱ्यालाही `XX` मिळतो. अशा वेळी कागदाच्या तळाशी असलेली नजरेची रेघ बघतात. त्यात वर गेलेल्या रेषा म्हणजे नजर हलली, खाली लांब गेलेल्या रेषा म्हणजे पापणी मिटली.

दुसरी ओळ `False POS Errors`. ठिपका दिसायच्या आधीच बटण दाबण्याची सवय इथे पकडली जाते. हा आकडा १५ टक्क्यांवर गेला की रिपोर्ट फारसा कामाचा राहत नाही. तिन्हींपैकी हीच चूक सगळ्यात धोक्याची, कारण ती खरी इजा झाकून कागद गोंडस करून टाकते.

तिसरी `False NEG Errors`. एका जागी मंद ठिपका दिसला होता, तिथेच नंतर बराच तेजस्वी ठिपका टाकला आणि उत्तर आलं नाही, तर ते इथे मोजलं जातं. डुलकी, कंटाळा, थकवा इथे दिसतो. पण काचबिंदूने खरंच खराब झालेला भागही एकदा उत्तर देतो, एकदा देत नाही, त्यामुळे हा आकडा वाढला म्हणजे पेशंट झोपला होता असं लगेच म्हणता येत नाही.

आता त्या डाव्या डोळ्याकडे. `Fixation Losses: 5/15 XX`, `False POS Errors: 1%`, `False NEG Errors: 24%`. उजव्या डोळ्याला साडेपाच मिनिटं लागली होती, डाव्याला साडेआठ. साधारणपणे उजवा डोळा आधी आणि डावा नंतर होतो, म्हणजे दमलेल्या माणसाचा सगळा थकवा दुसऱ्या डोळ्याच्या कागदावर उतरतो. टेस्ट चार चतुर्थांशांतल्या चार जागांपासून सुरू होऊन बाहेर पसरते. त्यामुळे लक्ष उडालं की मधल्या त्या चार जागा चांगल्या आणि भोवतीचं सगळं काळं, असं चार पाकळ्यांच्या फुलासारखं चित्र उमटतं. हे फूल दिसलं की अनुभवी डॉक्टर आधी झोपेची चौकशी करतात.

पापणीचं काय? एकदा डोळा मिचकावला म्हणून टेस्ट बिघडत नाही, कारण मशीन त्याच जागी पुन्हा विचारतं. उलट डोळे ताणून न मिचकावता बसणाऱ्यांचंच नुकसान होतं. अश्रूंचा थर सुकतो, सगळं धूसर होतं, आणि मग सलग जोरजोरात पापण्या मिटायला लागतात. रात्रभर जागलेल्या माणसाची तर वरची पापणीच खाली ओघळते आणि वरच्या बाजूचे ठिपके चक्क तिच्याआड जातात. कागदावर ते वरच्या काळ्या कमानीसारखं दिसतं. काचबिंदूतही कमान येते, म्हणून फसगत होते.

खऱ्या कमानीची एक खूण असते. डोळ्याच्या पडद्यावरचे नसांचे धागे वरचे वर आणि खालचे खाली राहतात, मधली आडवी रेषा ओलांडत नाहीत. त्यामुळे काचबिंदूचा डाग त्या रेषेला येऊन एकदम थांबतो, विशेषतः नाकाच्या बाजूला. शिवाय वरची नजर गेली असेल तर नसेचा खालचा भाग पातळ झालेला दिसायला हवा. या कामगाराच्या डाव्या डोळ्यात नस वर-खाली दोन्हीकडे छान जाड होती. डाग सगळा वरच्या कडेला चिकटलेला.

दोन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, रात्रभर झोप घेऊन टेस्ट पुन्हा झाली. डावी पापणी चिकटपट्टीने वर धरली. बटण दाबताना मिचकावायचं आणि दमलं की बटण दाबूनच धरायचं म्हणजे मशीन थांबतं, हेही या वेळी सांगितलं गेलं. डाव्या डोळ्याचा `MD`, म्हणजे वयाच्या मानाने एकूण नजर किती कमी याचा आकडा, -7.20 वरून -1.60 वर आला. काळी कमान गायब.

हे काही दुर्मीळ नाही. प्रेशर जास्त असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या `OHTS` या मोठ्या अभ्यासात, आकड्यांनी विश्वासार्ह ठरलेले पण बिघाड दाखवणारे जे रिपोर्ट आले, त्यातले सुमारे ८६ टक्के पुन्हा टेस्ट केल्यावर टिकले नाहीत. म्हणूनच एका कागदावर निदान होत नाही.

आणि उजवा डोळा? तिथे तिन्ही ओळी स्वच्छ होत्या. करड्या रंगाच्या चित्रात फारसं काही नव्हतं, कारण ते चित्र ५४ जागांमधली मोकळी जागा अंदाजाने रंगवतं. पण `Pattern Deviation` या नकाशात, जो मोतीबिंदूसारखा सरसकट मंदपणा वजा करतो, नाकाच्या बाजूला मधल्या आडव्या रेषेच्या लगेच खाली तीन गडद चौकोन शेजारी-शेजारी होते. दुसऱ्या टेस्टलाही तेच तीन, त्याच जागी. नसेचा वरचा काठही तिथे पातळ होता. थेंब सुरू झाले ते या डोळ्यासाठी.