टक्केवारीमागील ओळी : कोड कव्हरेज अहवालाच्या वाचनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीची चाचणी घेतली असता तिच्यातील कोणत्या ओळी प्रत्यक्षात चालल्या, याच्या मोजमापास 'कोड कव्हरेज' असे म्हणतात. आज अनेक प्रकल्पांत आज्ञावलीत बदल सुचविणारी 'पुल रिक्वेस्ट' दाखल होताच त्या बदलामुळे कव्हरेज किती वाढले वा घटले याचा अहवाल आपोआप तयार होतो. बहुधा त्यातील टक्केवारी तेवढी वाचली जाते आणि तीवरूनच बदल स्वीकारावा की नाकारावा हे ठरते. हे मोजमाप मुळात कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी निर्माण झाले, हे तपासून त्याच्या आधारे असा अहवाल कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मोजमापाचा मूळ हेतू

1963 मध्ये जोन मिलर व क्लिफर्ड मलोनी यांनी आज्ञावलीतील चुकांच्या पद्धतशीर विश्लेषणावर एक लेख प्रसिद्ध केला. कव्हरेजच्या कल्पनेचा तो अगदी आरंभीचा आविष्कार मानला जातो. आज्ञावलीतील कोणत्या वाटांवरून चाचणी गेली आणि कोणत्या वाटा अस्पर्शित राहिल्या, हा त्यामागील प्रश्न होय. म्हणजेच न तपासलेला भाग दाखविणे हे या मोजमापाचे पहिले काम होते.

विमानांतील संगणकप्रणालीसाठी 1992 मध्ये तयार झालेल्या डीओ-178बी या मानकात हा हेतू अधिक स्पष्ट झाला. तेथे चाचण्या प्रथम प्रणालीच्या अपेक्षित कार्यांवरून लिहावयाच्या असतात आणि त्यानंतर कव्हरेज मोजावयाचे असते. एखादा भाग न चाललेला आढळल्यास त्याचे कारण शोधावे लागते. त्या मानकाने अशी चार कारणे सांगितली आहेत. चाचणी अपुरी असेल; अपेक्षांच्या लेखनातच उणीव असेल; तो भाग मृत, म्हणजे कधीच न चालणारा असेल; किंवा विशिष्ट परिस्थितीत तो हेतुपुरस्सर निष्क्रिय ठेवलेला असेल. यांपैकी केवळ पहिल्या प्रसंगी नवी चाचणी लिहिणे हा सरळ उपाय ठरतो. 2011 मध्ये त्याची जागा घेणाऱ्या डीओ-178सी या आवृत्तीतही हीच विचारपद्धती कायम राहिली.

1990 च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन मॅरिक यांनी कव्हरेजच्या गैरवापराविषयी इशारा दिला. मॅरिक यांनी स्वतः कव्हरेज मोजणारे साधन तयार केले होते, म्हणून त्यांच्या इशाऱ्यास विशेष वजन आहे. जो भाग लिहिण्याचेच राहून गेले, तो मोजमापात कधीच दिसत नाही, हा त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा होता.

एक उदाहरण

पुढील उदाहरण विवेचनासाठी कल्पिले आहे. ग्रंथालयाच्या एका प्रणालीत 1,000 कार्यकारी ओळी असून चाचण्यांत त्यांपैकी 800 चालतात, म्हणजे कव्हरेज 80 टक्के आहे. विलंबशुल्क काढणारे जवळजवळ सारखेच दोन भाग एकत्र करणारी एक पुल रिक्वेस्ट येते. तीत चाचणीखाली असलेल्या 120 जुन्या ओळी काढल्या जातात आणि 20 नव्या येतात. नव्या ओळींपैकी 16 चालतात. आता एकूण ओळी 900 व चाललेल्या ओळी 696 होतात, म्हणून कव्हरेज 77.33 टक्क्यांवर येते.

कोडकव्हसारखी सेवा अशा वेळी दोन निर्णय स्वतंत्रपणे दाखविते. `codecov/project` हा संपूर्ण प्रकल्पाविषयी असतो, तर `codecov/patch` हा केवळ बदललेल्या ओळींविषयी असतो. येथे पहिला आकडा 2.67 अंकांनी घटला असून दुसरा 80 टक्के आहे. मात्र नव्या 20 ही ओळी चालल्या असत्या, तरी प्रकल्पाचा आकडा 77.78 टक्केच झाला असता. घट मुख्यतः पुनरावृत्ती काढून टाकल्यामुळे झाली आहे, चाचणी दुर्लक्षिल्यामुळे नव्हे. केवळ आकड्यावर निर्णय घेणारा प्रकल्प अशा वेळी आज्ञावली स्वच्छ करणाऱ्यालाच दंड करतो.

खरा विचार न चाललेल्या चार ओळींचा करावयास हवा. समजा, त्यांपैकी दोन ओळी पुस्तक परत केल्याची तारीख नोंदलेली नसताना त्रुटी कळवितात. हा प्रसंग व्यवहारात घडणारा आहे, म्हणून येथे चाचणी हवी. उरलेल्या दोन ओळी बंद झालेल्या जुन्या ओळखक्रमांकांसाठी असून तसे क्रमांक आता प्रणालीत येतच नाहीत. त्या मृत आहेत व काढून टाकणे योग्य. या दुरुस्तीनंतर 18 नव्या ओळी राहतात व सर्व चालतात. तरीही प्रकल्पाचा आकडा 77.73 टक्केच भरतो. काम पूर्ण झाले आहे, आकडा मात्र पूर्वपदावर आलेला नाही, आणि तो येण्याची गरजही नाही.

पूर्ण कव्हरेजचे मौन

याउलट, टक्केवारी पूर्ण असूनही दोष राहू शकतो. पुढील आज्ञा पाहाव्यात.

```python
def fine(days_late, grace):
    if days_late > grace:
        return days_late * 2
    return 0
```

सवलतीचे दिवस 7 धरून 0 आणि 10 दिवसांच्या विलंबासाठी चाचण्या घेतल्यास येथील प्रत्येक ओळ व अटीची प्रत्येक शाखा चालते. परंतु सातव्या दिवसापासूनच शुल्क लागावे असा नियम असेल, तर `>` ऐवजी `>=` हवे होते. सात दिवसांची चाचणी नसल्याने ही चूक अहवालात दिसणार नाही. चाचणीने आज्ञा केवळ चालविली व उत्तर तपासलेच नाही, तरीही अहवाल तेवढाच समाधानकारक दिसतो. शिक्षकांना शुल्कमाफी असावी हा नियम लिहिण्याचेच राहून गेले असेल, तर न लिहिलेली ओळ न्यून म्हणून दाखविली जाणे शक्यच नाही.

कधी बदलात स्पर्शही न झालेल्या फाइलमधील कव्हरेज घटलेले दिसते. अशा वेळी कालसापेक्ष वा अनियमितपणे चालणारी एखादी चाचणी, अथवा समांतर चालणाऱ्या चाचण्यांपैकी एकीचा अहवाल न पोहोचणे, ही कारणे प्रथम तपासावीत.

आकड्याचे उद्दिष्टात रूपांतर

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार येथे लागू पडतो. मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की त्याचा मूळ अर्थ ढासळतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी 1997 मध्ये ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाची चर्चा करताना तो अधिक व्यापक रूपात मांडला. कव्हरेजबाबत लॉरा इनोझेमत्सेवा व रीड होम्स यांनी 2014 मध्ये पाच मोठ्या जावा प्रकल्पांवर अभ्यास केला. चाचण्यांची संख्या समान ठेवली असता कव्हरेज व दोष शोधण्याची क्षमता यांतील संबंध कमी ते मध्यम एवढाच आढळला. अपुरी तपासणी झालेले भाग शोधण्यासाठी कव्हरेज उपयुक्त आहे, परंतु गुणवत्तेचे उद्दिष्ट म्हणून ते ठेवू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निष्कर्ष

अहवालाचे वाचन बदललेल्या व न चाललेल्या ओळींपासून सुरू व्हावे. प्रत्येक ओळीचे कारण चारांपैकी कोणते, हे ठरवून मगच चाचणी लिहावी, अपेक्षा स्पष्ट करावी, ओळ काढावी किंवा ती तशीच ठेवण्याचे कारण नोंदवावे. चाललेल्या ओळींबाबत चाचणीने काय पडताळले, हे परीक्षकाने स्वतः वाचावे. टक्केवारीतील घट चौकशीला निमित्त ठरू शकते. त्या चौकशीचे उत्तर मात्र ओळींतच शोधावे लागते.