रक्तातील पोटॅशियम वाढते तेव्हा : टोकदार ‘टी’ लहरीपासून साइन लहरीपर्यंत

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे हृदय अचानक बंद पडण्यामागे रक्तातील वाढलेले पोटॅशियम हे एक प्रमुख कारण असते. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला ‘हायपरकॅलेमिया’ म्हणतात. ती बहुधा गाजावाजा न करता येते. छातीत कळ नसते, धाप लागेलच असे नाही. पायांतील शक्ती जाणे, नाडी मंदावणे, एवढेच कधीकधी दिसते. मात्र ईसीजीचा कागद वेळीच वाचला गेला, तर तिची चाहूल लागते आणि काही मिनिटांत हृदयाला संरक्षणही देता येते.

हृदयावर परिणाम कसा होतो?

शरीरातील बहुतांश पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीच्या आत त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल, तर रक्तात केवळ 3.5 ते 5 मिलिमोल असते. या तफावतीवरच हृदयाच्या पेशींचा विद्युत्भार टिकून असतो. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. ती थकली, की रक्तातील पोटॅशियम वाढते, तफावत घटते आणि हृदयातून जाणारा विद्युत्संदेश मंदावत जातो.

ईसीजीवर हा बदल सामान्यतः एका क्रमाने उमटतो. प्रथम ‘टी’ लहर उंच, अरुंद आणि तंबूच्या शेंड्यासारखी टोकदार होते. छातीवरील तारांत ती अधिक ठळक दिसते. पुढे ‘पी’ लहर चपटी होत नाहीशी होते, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा संदेश कागदावर दिसेनासा होतो. त्यानंतर ‘क्यूआरएस’ हा खालच्या कप्प्यांचा आलेख रुंदावतो. तो रुंदावत जाऊन ‘टी’ लहरीत मिसळला, की कागदावर फक्त एकसारखी वर-खाली जाणारी नागमोडी रेषा उरते. हीच साइन लहर. येथून हृदय थांबण्यास काही मिनिटेही पुरतात.

मात्र या क्रमावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पोटॅशियम 7 च्या वर असूनही ईसीजी जवळपास सामान्य दिसू शकतो आणि मधल्या पायऱ्या न दिसता थेट हृदय बंद पडू शकते. काही रुग्णांत अतिशय मंद नाडी हीच एकमेव खूण असते.

ईसीजी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. हृदयविकाराच्या झटक्याच्या आरंभीही ‘टी’ लहर उंचावते. पण तिचा पाया रुंद असतो, तर पोटॅशियमची लहर पायाशी अरुंद असते. काही वेळा पोटॅशियममुळे ईसीजीवर झटक्यासारखेच चित्र उमटते. गोव्यात परिघावरील आरोग्य केंद्रांतून ईसीजी पाठवून तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची ‘स्टेमी गोवा’ व्यवस्था आहे. अशा वेळी ईसीजीसोबत ‘रुग्ण डायलिसिसवर आहे’ ही माहिती गेली नाही, तर गुठळी विरघळवणारे औषध विनाकारण दिले जाण्याची भीती असते. दुसरी फसगत रुंद ‘क्यूआरएस’ची. ती वेगळीच लयबिघाडाची व्याधी समजून हृदयाची लय दाबणारी औषधे दिली, तर मंदावलेले हृदय पुरते थांबू शकते.

एक प्रातिनिधिक प्रसंग

पेडणे तालुक्यातील साठीचा, मधुमेही, आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणारा एक रुग्ण कल्पावा. चतुर्थीच्या गडबडीत त्याची एक फेरी चुकली. थकवा वाटला म्हणून त्याने दोन दिवस शहाळ्याचे पाणी घेतले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाला ते अपायकारक नाही, पण या रुग्णाला ते बाहेर टाकण्याचा मार्गच उरलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठून उभे राहता येईना.

9.10 वाजता तो सामाजिक आरोग्य केंद्रात पोहोचतो. नाडी 38. पाच मिनिटांत काढलेल्या ईसीजीत ‘पी’ लहर नाही आणि रुंद ‘क्यूआरएस’ ‘टी’ला भिडू लागला आहे. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, पण अहवालाची वाट पाहिली जात नाही.

9.20 वाजता, हृदयाचा आलेख सतत दाखवणारा मॉनिटर लावून, 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे 30 मिलिलिटर शिरेतून सुमारे 10 मिनिटांत दिले जाते. कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही कमी होत नाही. ते केवळ हृदयाच्या पेशींना त्याच्या माऱ्यापासून सावरते. गुण काही मिनिटांतच दिसतो, आणि ईसीजी पुन्हा काढून तो पडताळायचा असतो. सुधारणा नसेल, तर मात्रा पुन्हा देतात. रुग्ण डिगॉक्सिन घेत असेल, तर कॅल्शियम अधिक सावकाश द्यावे लागते.

9.35 वाजता ‘क्यूआरएस’ अरुंद झालेला दिसतो. खरी परीक्षा येथून सुरू होते, कारण कॅल्शियमचे कवच 30 ते 60 मिनिटेच टिकते. पेडणे किंवा डिचोलीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासाला वाहतुकीनुसार जवळपास तेवढाच वेळ लागतो. केवळ कॅल्शियम देऊन रुग्णाला रवाना केले, तर ते कवच वाटेतच गळून पडू शकते.

म्हणून लगेच 10 युनिट साधे इन्सुलिन आणि 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 25 टक्के डेक्स्ट्रोजचे 100 मिलिलिटर, शिरेतून दिले जाते. इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलते. परिणाम 15 ते 30 मिनिटांत सुरू होतो आणि सुमारे चार ते सहा तास टिकतो. कॅल्शियमचा प्रभाव ओसरताना इन्सुलिनचा चढलेला असावा, हा या क्रमामागील हेतू. जोडीला साल्ब्युटामॉलचे 10 मिलिग्रॅम नेब्युलायझरमधून देतात. हृदयविकार असलेल्यांत ते जपून. सोडियम बायकार्बोनेट रक्तात आम्ल वाढले असेल तरच उपयोगी पडते, आणि कॅल्शियमच्याच नळीतून ते दिल्यास साका तयार होतो.

9.50 वाजता रुग्णवाहिका निघते. सोबत मॉनिटर आणि कॅल्शियमची आणखी एक मात्रा असते. पोटॅशियम 7.9 असल्याचा अहवाल वाटेत फोनवरून कळतो.

संकट टळले कधी म्हणावे?

ईसीजी सुधारला, की धोका संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या रुग्णाच्या शरीरातील पोटॅशियम जेवढे होते तेवढेच आहे. पेशींत ढकललेले काही तासांत पुन्हा रक्तात उतरते. ते बाहेर काढण्याचा त्याच्यासाठी खात्रीचा मार्ग डायलिसिस हाच. पोटॅशियम बांधून ठेवणारी पोटात घ्यायची चूर्णे हळू काम करतात. ज्यांची मूत्रपिंडे अजून काम करतात, त्यांत लघवी वाढवणाऱ्या औषधांचा आधार घेता येतो.

दुसरा धोका साखर घसरण्याचा. निकामी मूत्रपिंडांमुळे इन्सुलिन शरीरात अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे किमान सहा तास वरचेवर रक्तातील साखर तपासावी लागते.

घरच्यांच्या हाती एवढेच असते : डायलिसिसची फेरी चुकलेल्या रुग्णाचे पाय गळाले वा नाडी मंदावली, तर 108 वर संपर्क साधावा आणि केंद्रात पाऊल ठेवताच शेवटची फेरी कधी झाली व कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते सांगावे. स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल तसेच काही वेदनाशामके पोटॅशियम वाढवतात. कमी सोडियमच्या मिठातही अनेकदा पोटॅशियम क्लोराइड असते. पहिला ईसीजी वाचणाऱ्या डॉक्टरला टोकदार ‘टी’ लहरीचा अर्थ लावायला हीच माहिती उपयोगी पडते.